मोडीच्या वर्गाचा शेवटचा दिवस

सर, आणि सगळी मंडळी,

आज बोलायला उभं राहिले तर घसा दाटून येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून लिहूनच आणलंय. वाचून दाखवते. मध्ये थांबले तर रेंज गेली असं समजू नका.

तीन महिने, मंगळवार, गुरुवार, शनिवार, रात्री नऊ. घरचं आवरून, ओटा पुसून मी हेडफोन लावायचे. पडद्यावर पहिल्यांदा दिसायचा तो सरांचा हात. चेहरा नंतर. डब्यांच्या उतरंडीवर मोबाइल पालथा ठेवून सर खाली कागदावर लिहायचे. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगत जायचं. आपण बालबोध लिहितो तेव्हा आधी अक्षर आणि मग डोक्यावर रेघ. पहिल्या दिवशी ती उलटी रीत बघताना मी वहीत काही लिहायचंच विसरले. शब्द संपला तरी सरांचा टाक उचलला जात नव्हता. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते कळायला जागाच नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. मला वाटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही.

सर, तुम्ही त्या दिवशी एवढंच म्हणालात, "वाचता आलं तेवढंच लिहायचं. अडलं तिथे टिंबं द्यायची. मनचं घालायचं नाही." आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचंय.

बॅचमधल्या बहुतेकांना माहीत आहे की माझ्या माहेरी, सिन्नरला, माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. आत बस्त्यात बांधलेले कागद. वडील आता ७४ वर्षांचे आहेत, त्यांनाही त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पण त्यात काय असणार हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पणजोबांचा मळा गहाण होता, तो सोडवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं आडकाठी केली, पैसे उचलू दिले नाहीत, आणि मळा गेला. यावरून निफाडच्या भाऊबंदांशी आमचं येणंजाणं तुटलं. लग्नाची पत्रिका नाही, मयताला नाही. मी लहानपणापासून हेच ऐकलं. खरं सांगायचं तर मी या वर्गाला नाव घातलं ते तेवढ्यासाठीच. मला तो कागद वाचून पुरावा हवा होता.

दुसऱ्या महिन्यात सरांनी प्रत्येकाला घरचा एक कागद आणायला सांगितलं. मी शके १८२९ ची सावकाराची पावती आणली. इसवी सन १९०७-०८. रात्री दीडपर्यंत बसून मी लिप्यंतर केलं, आणि वर्गात मोठ्या आवाजात वाचलं, "रुपये दीडशे बंधूने घेऊ न दिले." वाचताना माझा हात थरथरत होता. शंभर वर्षांचं भांडण खरं निघालं होतं.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी तो फोटो मोठा केला आणि त्या ओळीखाली पेन्सिल धरली. "घेऊनदिले. इथे जागा आहे का?" नव्हती. "मग 'घेऊ न' कुणी तोडलं, कागदानं की तुम्ही? पुढची ओळ वाचा." पुढच्या ओळीत दोनच शब्द मला सुटले होते, तेही मी घाईत सोडून दिले होते. "भरून पावलो."

घेऊन दिले. भरून पावलो. धाकट्या पणजोबांनी पैसे दुसरीकडून उभे केले, सावकाराला नेऊन दिले, आणि सावकारानं मिळाल्याची पावती लिहून दिली. ती पावती आमच्याच पेटीत होती. मळा त्या वर्षी सुटला होता, तो सोडवणारा तोच भाऊ होता.

पुढे मळा कसा गेला ते त्या कागदात नाही. सर, तिथे मी टिंबं दिली आहेत.

वडिलांना मी हे फोनवर सांगितलं नाही, रविवारी जाऊन सांगितलं. कागद पुढ्यात ठेवून एकेका अक्षराखाली बोट फिरवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. गेल्या पंधरवड्यात त्यांनी निफाडला फोन लावला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तिकडच्या काकांनी विचारलं म्हणे की आमच्याकडेही एक गाठोडं आहे, ती मुलगी वाचून देईल का. पुढच्या महिन्यात आम्ही जातोय.

सर, याचे उपकार मी कसे मानू?

आता मंडळींबद्दल. इंदूरच्या काकू, शुहूर सनाचे अरबी आकडे तुम्ही ओवीसारखे म्हणायला लावलेत म्हणून ते माझ्या डोक्यात बसले. भाकरी थापताना आजही "इसन्ने सबैन मया व अलफ" तोंडात येतं: दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२, म्हणजे इसवी सन १७७१-७२. माझा मुलगा आता तो आकडा माझ्या आधी सांगतो. चेन्नईचे दादा, तंजावरची मराठी मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. सरस्वती महालातले मोडी कागद वाचायचेत असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात. तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली भाषा आणि इथे आमच्या दप्तरांतली लिपी, दोन्ही एकाच वर्गात भेटल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. बीडचे भाऊ, दिवसभर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं चाळून तुम्ही रात्री वर्गाला बसायचात. लोक कुणबी नोंदीसाठी दारात उभे असताना तुम्ही एकाही नावावर अंदाजानं बोट ठेवलं नाहीत, हे तुम्ही सांगितलंत त्या दिवशी सरांचा चेहरा आम्ही सगळ्यांनी पाहिला.

आणि आपला अकरावीतला विद्यार्थी. बाळा, तुझं वळण आम्हा सगळ्यांपेक्षा सुंदर आहे. परीक्षेच्या दिवसांतही रोजचं एक पान गिरवणं सोडू नकोस.

सर, वीज गेली त्या गुरुवारी तुम्ही टॉर्च दातांत धरून चिटणिशी वळणाचं पान पुरं केलंत. सुट्टी दिली असती तरी चाललं असतं. तुम्ही म्हणालात, "बारा माणसं जेवणं उरकून बसली आहेत." आमच्या वेळेची एवढी कदर आम्हाला फारशी कुणाकडून मिळालेली नाही.

आम्ही बाराजणांनी मिळून एक वही केली आहे. प्रत्येकाचं एक पान, मोडीत, बोरूनं, आधी रेघ ओढून. काल कुरिअरला दिली, सोमवारपर्यंत पोचेल. दर मंगळवारी नऊ वाजता आम्ही याच लिंकवर बसणार आहोत. आधी काकूंचे होळकरी कागद घ्यायचे, मग निफाडचं गाठोडं. तुम्हाला जमेल तेव्हा या. नाही जमलं तर अडलेल्या ओळीचा फोटो पाठवू.

वहीत चुका असतील, सर. लाल शाईनं खुणा करून परत पाठवा.

तुमची विद्यार्थिनी,
वैशाली, सिन्नर