आगरातलं ऊन: भिंतीवरच्या तीन चित्रांचे प्रॉम्प्ट

गुहागरच्या एका घरगुती खानावळीसाठी, एआयकडून काढून घ्यायची चित्रं. तिन्ही आडवी, प्रमाण ३:२.

१. पोफळी, सकाळी नऊ

इम्प्रेशनिस्ट तैलचित्र. कोकणातलं पोफळीचं आगर, मधून पाण्याचा पाट. खोडं बारीक, सरळसोट, कड्याकड्यांची, त्यावर मिरवेल. झावळ्यांतून गळलेलं ऊन जमिनीवर आडव्या, तुटक फटकाऱ्यांत: फिकट पिवळं, मध्येच गुलाबी. सावली निळी-जांभळी, काळा रंग कुठेही नाही. पानं सुटी दिसत नाहीत. चार हिरवे शेजारीशेजारी, न घोटलेले. खोडांच्या कडा मागच्या हिरव्यात विरलेल्या. चपट्या ब्रशचा जाड रंग, फटींतून कॅनव्हासचा फिकट थर.

खोडाचं वर्णन गाळलंत तर हमखास माड येतात. ‘धूसर’ आणि ‘मऊ’ हे शब्दही टाळा, त्यांनी कॅमेऱ्याचा फोकस गेल्यासारखं चित्र निघतं. इथे कड मऊ होते ती दोन रंगांचे फटकारे एकमेकांत घुसल्यामुळे, म्हणून फटकारेच सांगायचे. ‘सूर्यकिरण’ लिहिलंत की देवाच्या कॅलेंडरसारखे झोत उतरतात.

२. अंगण, उतरतं ऊन

इम्प्रेशनिस्ट तैलचित्र. जांभ्या दगडाचा गडगा, पुढे तुळशीवृंदावन, कडेने जास्वंद, अबोली आणि कर्दळ. दगड उन्हात नारिंगी-गेरू, सावलीत जांभळट. चिऱ्यांचे सांधे रेखलेले नाहीत. जास्वंद म्हणजे लाल रंगाचे दोन-तीन जाड ठिपके, भोवती हिरवा, म्हणून लाल पेटतो. पाठमोरी बाई फुलं वेचते आहे: उंची चित्राच्या एक दशांश, सहा-सात फटकारे, चेहरा नाही. सारवलेल्या अंगणात लांब निळसर सावल्या.

बाई मोठी झाली की चेहरा, दागिने, साडीची जर सगळं कोरून येतं आणि बाग नुसता पडदा उरते. तो एक दशांश सोडू नका.

३. तळं, पाऊस उघडल्यावर

इम्प्रेशनिस्ट तैलचित्र. देवळामागचं तळं, क्षितिज नाही, चौकटभर पाणी. आकाशाचं प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांत, कमळाची पानं आडव्या. माडांचं प्रतिबिंब तुटक. राखाडी, मोरपंखी, फिकट जांभळा.

‘मोने’ हे इम्प्रेशनिस्ट चित्रकाराचं नाव घालू नका. लगेच कमानीचा पूल आणि विलोची झाडं येतात. ती त्याच्या फ्रान्समधल्या जिव्हर्नीच्या बागेतली. १८८३ मध्ये तो तिथे राहायला गेला, गुहागरला नव्हे.

तिन्हींसाठी, ‘नको’च्या वेगळ्या रकान्यात

छायाचित्र, लेन्स, धूसर पार्श्वभूमी, काळी बाह्यरेषा, सुटं रेखलेलं पान, गुळगुळीत छटा, चकाकी, सही.

हे मुख्य मजकुरात लिहू नका. ‘छायाचित्र नको’ म्हटलं तरी पुष्कळदा त्यातलं ‘छायाचित्र’च उचललं जातं. वेगळा रकाना नसेल तर ही ओळ गाळा आणि ‘फटकारे’ हा शब्द प्रॉम्प्टच्या सुरुवातीला आणा.

मोठं करताना धार वाढवणारा पर्याय बंद ठेवा. पहिल्या चित्रातली मिरवेल तिथेच पुन्हा पानापानाची होते.