बारसं

आमच्या चाळीत कुणाचं गुपित टिकत नाही, ते भिंतींमुळे. चिऱ्यांच्या आहेत, चांगल्या जाड. पण वर कौलांपर्यंत कुणी नेल्याच नाहीत. एका खोलीत फोडणी पडली की सहाही खोल्या शिंकतात. म्हापशाच्या बाजारापासून पायी दहा मिनिटांवर ह्या भाड्यात दुसरं काही मिळत नाही, म्हणून सगळे शिंकत राहतो.

तेव्हा मुक्ता आणि पिंटूचं भांडण मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. ते माझ्या अंथरुणात येऊन पडलं.

पिलू आलं जुलैत. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि सकाळी मारियाबायच्या सोडणांच्या ढिगातून बारीक, रागावलेला आवाज येऊ लागला. पिंटूने कोपरापर्यंत हात घालून ओढून काढलं. भिजलेलं, डोळ्यांत चिपडं, शेपूट म्हणजे समईची वात. मुक्ताने आईच्या जुन्या परकराने पुसलं आणि चुलीजवळ ठेवलं. सुकून फुललं तेव्हा रंग कळला: फिका केशरी, पाठीवर गडद नागमोडी पट्टे.

"आबोली," मुक्ता म्हणाली.

"बांगडा," पिंटू म्हणाला. दोघं एकदमच.

"शी! बांगडा काय नाव असतं?"

"पट्टे बघ की. सेम बांगडा."

"रंग बघ. बांगडा केशरी असतो?"

"तळल्यावर असतो."

ह्यावर त्यांची आई हसली, आणि मीही, भिंतीच्या अलीकडे. पिंटूचा जीव कशात अडकला होता ते उघड होतं. जूनपासून ट्रॉलर बंद, बाजारात जो काही ताजा मासा येई त्याचा भाव ऐकूनच माणूस परत फिरायचा. घरात महिनाभर गालमो आणि सुके बांगडे चालले होते.

तीन दिवस चाळीची दोन शकलं झाली. मुक्ता "आबोली, आबोली" करत दूध ठेवी. पिंटू वाटी उचलून चार हात पलीकडे नेई आणि "बांगड्याऽ" म्हणून हाक मारी. पिलू वाटीमागून चाले. मारियाबाय पायरीवर बसून म्हणाली, "माजराक नांव कित्याक जाय गो? नुस्तें दाखय, येतलें." तिचं कुणी ऐकलं नाही.

चौथ्या रात्री मुक्ताने हुकमाचं पान टाकलं. "मी मोठी आहे. तुझं नावसुद्धा मीच ठेवलंय."

हे खरं होतं. ह्याच्या बारशाला आत्या बेळगावहून निघाली आणि चोर्ला घाटात अडकली. मुहूर्त टळायला नको म्हणून चार वर्षांच्या मुक्तालाच पाळण्याशी उभं केलं. ओंकार म्हणायचं, असं दहा वेळा पढवलं होतं. तिने कानात कुर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "पिंटू!" ओंकार शाळेच्या दाखल्यावर राहिला.

"म्हणूनच!" पिंटूचा आवाज फाटला. "म्हणूनच तू ठेवायचं नाही! सर पण मला पिंटूच म्हणतात!"

पलीकडे इतकी शांतता झाली की पन्हळीचं पाणी ऐकू आलं. माझ्या माहितीत मुक्ता पहिल्यांदाच गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने सुपात परकर घातला, पिलाला त्यात बसवलं आणि भावाला म्हणाली, "तू आत्या. ठेव."

"मुलगे आत्या नसतात."

"चार वर्षांच्या बहिणीपण नसतात. ठेव."

मारियाबायने गुळाचा खडा आणला. आम्ही सगळ्या दारात उभ्या. पिंटू गुडघ्यांवर बसला, पिलाच्या कानाशी ओंजळ धरली, कुर्र केलं आणि काहीतरी पुटपुटला. कान फडफडला. बस्स, झालं बारसं.

"मोठ्याने सांग," मुक्ता म्हणाली.

"नाही."

"मग हाक कशी मारायची?"

"मी मारीन."

रात्री दिवे गेल्यावर पलीकडून कुजबुज आली.

"बांगडाच ठेवलंस ना?"

उत्तर नाही.

"रागावणार नाही. सांग."

कौलांवर सर येऊन गेली.

"पिंटू..." ती थांबली. मग अगदी हळू, तोंडाला सवय नसलेला शब्द चाचपत, "ओंकार?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपला.

"काय?" तो म्हणाला.

"पिलू माझ्या पायावर झोपलंय."

"असू दे," तो म्हणाला. "हलू नको."