काकू, दाढेचं सगळं नीट लिहून पाठवतेय

काकू नमस्कार, काल क्लिनिकमधे तुम्ही "हो हो" म्हणत होतात पण लक्ष सगळं ड्रिलच्या आवाजाकडे होतं ते मला दिसत होतं 🙂 म्हणून लिहूनच पाठवते, काकांना पण वाचायला द्या.

खालची डावी दाढ किडलीये आणि कीड नसेपर्यंत गेलीये, म्हणून रात्री ठणकतं. नुसती फिलिंग करून आता भागणार नाही, रूट कॅनाल करावं लागेल. एकूण चार सिटिंग, साधारण तीन-साडेतीन आठवडे.

पहिल्या दिवशी भूल देऊन खराब नस काढायची आणि वर तात्पुरतं सिमेंट. इंजेक्शनच्या आधी हिरडीला जेल लावते त्यामुळे सुई जरा टोचते तेवढंच. तुमची आधीची दाढ काढताना खूप दुखलं म्हणालात ना, सूज असताना भूल नीट चढत नाही, बहुतेक तसंच झालं असणार. आत्ता तुम्हाला सूज नाहीये. तरी मधेच दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबणार, परत भूल देणार, मगच पुढे. दुसऱ्या वेळी आतून साफसफाई, तिसऱ्या वेळी कायमचं भरून कॅपचं माप, चौथ्याला कॅप बसवायची, त्या दिवशी इंजेक्शन पण नाही.

आता खर्च. रूट कॅनाल ५५०० (एक्सरे त्यातच), वरचं पक्कं फिलिंग १२००, कॅप मेटल-सिरॅमिक ४५०० किंवा झिरकोनियाची ९०००. म्हणजे ११,२०० किंवा १५,७००. मागची दाढ आहे, हसताना कुणाला दिसत नाही, मी तर साधीच घ्या म्हणेन. एकदम द्यायचे नाहीत, पहिल्या दिवशी २५०० आणि बाकीचे दर वेळी थोडे. हा अंदाज आहे, दाढ उघडल्यावर आत तडा वगैरे निघाला तर तिथेच थांबून आधी तुम्हाला सांगेन, न विचारता बिल वाढणार नाही. काढूनच टाका म्हणालात तर आज १५०० मधे होईल, पण मग शेजारचे दात त्या गॅपमधे कलतात आणि पुढे ब्रिज करायचा तर यापेक्षा जास्त जातात.

एकच भीती मला तुमच्याबद्दल आहे, पहिल्या सिटिंगनंतर ठणका जातो आणि लोक गायब होतात!! तात्पुरतं सिमेंट झिजतं, आत परत इन्फेक्शन, कॅप नसली तर चावताना दाढ उभी फुटते आणि मग काढावीच लागते. दोन-तीन दिवस चावताना थोडं दुखेल ते नॉर्मल, पण सूज किंवा ताप आला तर लगेच फोन करा.

मंगळवारी साडेदहा. शुगरची गोळी नेहमीसारखी घ्या, पोटभर नाश्ता करून या, कारण नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो, तेव्हा खाताना गाल चावला जातो. वनाज मेट्रोला उतरलात तर रिक्षा नका करू, पाच मिनिटं चालत आहे. काकांना बाहेर नाही, आत खुर्चीशेजारीच बसवू.