सोमवारच्या इंटरव्ह्यूनंतर : द्राक्ष कंटेंटच्या कामाचा स्कोप, डिलिव्हरेबल्स आणि पेमेंट

नमस्कार संदीप सर,

सोमवारच्या कॉलवर तुम्ही आणि तुमच्या ॲग्रोनॉमिस्ट मॅडमनी एवढा वेळ दिलात त्याबद्दल मनापासून थँक्यू. काम मला करायचंय हे आधीच सांगून टाकते. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या बागायतदारांसाठी त्यांच्याच बोलीत, वेळेवर पोचेल असा सल्ला लिहायचा हे काम मला जवळचं आहे, आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी सुरू करायचं म्हणताय ते अगदी बरोबर आहे. फक्त कॉलवर तीन-चार गोष्टी "बघू, करून घेऊ" वर राहिल्या, त्या वर्क ऑर्डर निघायच्या आधी लिहून ठेवूया म्हणून हा मेल. थोडा मोठा झालाय, पण आत्ता वाचलात तर सीझनमध्ये कुणालाच ताप होणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. तुम्ही मला नमुन्याला जे जुने व्हॉट्सॲप मेसेज पाठवलेत त्यातला डाऊनीचा मेसेज मी नीट वाचला. त्यात औषधाचं नाव आहे, पुढे "२ ग्रॅम" आहे, पण प्रति लिटर का प्रति एकर ते कुठेच नाही. ज्याच्याकडे ६०० लिटरचा ब्लोअर आहे तो हा मेसेज वाचून काय करेल आणि जो २०० लिटरच्या ड्रमवरून पाइपने मारतो तो काय करेल, याचा विचार केला तर हा मेसेज तसाच जाणं बरोबर नाही. शिवाय काढणीच्या किती दिवस आधी ते बंद करायचं हेही नाही, आणि तुमच्या यादीत एक्सपोर्टवाले बरेच आहेत असं तुम्हीच म्हणालात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या रेसिड्यूवरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती ते आपल्याकडचा कुठलाही जुना बागायतदार अजून सांगतो, त्यामुळे औषधाच्या बाबतीत माणसं मेसेजमधला शब्द न् शब्द धरून बसतात.

म्हणून माझी पहिली अट पैशाची नाही, ही आहे : औषध, डोस, प्रमाणाचं एकक आणि काढणीपूर्व कालावधी या चार गोष्टी ॲग्रोनॉमिस्ट मॅडमकडून मला लेखी येतील, मी त्या शेतकऱ्याला कळतील अशा लिहीन, आणि मेसेज सुटायच्या आधी त्या फायनल कॉपीवर मॅडमचा "ओके" ईमेलवर किंवा शीटमध्ये पडेल. फोनवर "हो हो जाऊ द्या" चालणार नाही. मी लेखिका आहे, कृषी पदवीधर नाही, त्यामुळे डोस बरोबर आहे का याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही आणि घेतली तर ते शेतकऱ्याच्या दृष्टीनेही बरं नाही. भाषा, स्पष्टपणा, एकक सुटलं नाही ना, आकडा टाइप करताना बदलला नाही ना, हे पूर्णपणे माझ्याकडे. अपेडाच्या एक्सपोर्टच्या यादीत किंवा मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीत सीझनच्या मध्ये काही बदललं तर ते मला कळवायचं काम तुमच्या टीमचं, हेही लिहून घ्या.

आता काम नेमकं किती. कॉलवर "महिन्याचा सगळा कंटेंट तुम्ही बघा" असं झालं, पण सगळा म्हणजे किती हे ठरल्याशिवाय रेट सांगण्यात अर्थ नाही. मी जे समजले ते असं : महिन्याला १२ छोट्या व्हिडिओंच्या स्क्रिप्ट, ६० ते ९० सेकंदांच्या, आणि २० ठरलेले व्हॉट्सॲप मेसेज, म्हणजे छाटणी, पेस्टिंग, फेलफूट, विरळणी, जीएचं डिपिंग, पाणी, खतं अशा कामांच्या क्रमाने. त्यात महिन्याला नाशिक बाजूच्या एका बागेची भेट धरलीय, कारण बागेत उभं राहून बोलल्याशिवाय स्क्रिप्टमध्ये जीव येत नाही आणि ते मला स्वतःलाच हवंय. प्रत्येक स्क्रिप्टला दोन वेळा बदल धरलेत. तिसऱ्यांदा किंवा विषयच बदलला तर ती नवी स्क्रिप्ट धरू. आणि बदल एकाच माणसाकडून एकत्र यावेत ही विनंती, मार्केटिंग वेगळं सांगतंय आणि ॲग्रोनॉमी वेगळं असं झालं की त्यात चार दिवस जातात आणि तोपर्यंत बागेतली अवस्था पुढे गेलेली असते.

यात जे नाही तेही स्पष्ट लिहिते म्हणजे नंतर मनात राहायला नको. शूटिंग, एडिटिंग, ग्राफिक आणि इन्स्टाग्रामच्या कमेंटला उत्तरं देणं यात नाही. कॉलच्या शेवटी "आवाज पण तुमचाच चालेल की" असं म्हणालात, मला आवडेल द्यायला, पण तो वेगळा धरूया, एका व्हिडिओला ९०० रुपये, माझ्या घरच्या सेटअपवर रेकॉर्ड करून साफ केलेली फाइल देईन. सांगली-तासगावसाठी वेगळी आवृत्ती हवी असेल तर नुसते दोन-चार शब्द बदलून भागत नाही, तिकडचं वेळापत्रक, माती, पाणी, बोलायची पद्धत सगळंच थोडं वेगळं, तेव्हा तिकडच्या प्रत्येक स्क्रिप्टचे १,२०० जास्तीचे आणि तिकडे भेट ठरली तर दिवसाचे ३,००० अधिक प्रवास-मुक्कामाचा प्रत्यक्ष खर्च.

अर्जंट मेसेजबद्दल जरा सविस्तर, कारण खरी गरज तिथेच आहे. फुलोऱ्यात किंवा मणी सेटिंगच्या वेळी नोव्हेंबरमध्ये अवकाळी आला की डाऊनी आणि गळ-कूज दोन्हीची भीती असते, त्या दिवशीचा मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी गेला तर तो न गेल्यासारखाच. त्यामुळे रविवार असो, दिवाळी असो, सकाळी ७ ते रात्री ९ मध्ये मॅडमचा लेखी मुद्दा आला की दोन तासांत मेसेज तयार करून द्यायची माझी तयारी आहे, हे मी मनापासून म्हणतेय. असे महिन्याला ४ मेसेज ठरलेल्या रकमेत, त्यापुढच्या प्रत्येकाला ६०० रुपये. पण अर्जंट म्हणजे हवामान किंवा रोग-किडीचा अचानक उद्रेक, ऑफरचा किंवा सणाच्या शुभेच्छांचा मेसेज अर्जंट धरणार नाही.

या सगळ्याचे मिळून महिन्याला ५२,००० रुपये, १५ सप्टेंबर ते १५ मार्च असं सहा महिन्यांचं, म्हणजे एकूण ३,१२,०००. कॉलवर तुम्ही ४० च्या आसपास म्हणाला होतात ते माझ्या लक्षात आहे. बजेट खरंच तेवढंच असेल तर रेट खाली ओढण्यापेक्षा काम कमी करूया : ८ स्क्रिप्ट, १५ मेसेज आणि बाग-भेट दोन महिन्यांतून एकदा, असं ४०,००० मध्ये बसतं. अर्जंट मेसेज मात्र दोन्हीत तसेच ठेवेन, त्यात काटछाट नको.

पेमेंटचं. तुमच्या एचआर मॅडम म्हणाल्या की व्हेंडर पॉलिसी बिलानंतर ६० दिवसांची आहे. सर, ते मला जमणार नाही आणि त्यामागचं कारण साधं आहे. १५ सप्टेंबरला काम सुरू केलं, महिना भरल्यावर १५ ऑक्टोबरला बिल दिलं, तर पहिला पैसा डिसेंबरच्या मध्यात येणार, तोपर्यंत निम्मा सीझन माझ्या खिशातून. याआधी एका ठिकाणी असंच मान्य केलं होतं आणि साठ दिवसांचे कधी चार महिने झाले ते कळलंही नाही, अकाउंट्सला फोन करण्यात लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला. दुसरं म्हणजे माझं उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म उद्योग म्हणून झालेलं आहे, आणि २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे मी धाक म्हणून सांगत नाहीये, तुमच्या सीएंना हे माहीत असणारच, कारण मुदतीत न दिलेली अशी रक्कम इन्कम टॅक्सला खर्च म्हणून दाखवतानाही अडचण येते. पॉलिसी बदलायला वरून परवानगी घ्यावी लागली तर हा मुद्दा तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहिला.

माझा प्रस्ताव असा की वर्क ऑर्डरबरोबर २६,००० ॲडव्हान्स द्यावा, तो पहिल्या बिलातून वजा होईल, आणि पुढे दर महिन्याचं बिल दिल्यापासून १५ दिवसांत पेमेंट. बिलात काही हरकत असेल तर पाच दिवसांत लेखी कळवा, नाही कळवलं तर मान्य धरू. टीडीएस १० टक्के कापून घ्या, त्याला काही नाही, फक्त सर्टिफिकेट दर तिमाहीला न मागता मिळावं. माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, जीएसटी नंबर नाही, त्यामुळे बिलात जीएसटी लागणार नाही. उद्यम सर्टिफिकेट, पॅन आणि कॅन्सल्ड चेक सोबत जोडलाय.

मध्येच थांबायचं झालं तर दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस, आणि तोवर झालेल्या कामाचे पूर्ण पैसे, ते वापरलं असो वा नसो. पेमेंट झालं की त्या महिन्याच्या कंटेंटचे हक्क तुमचे. मला फक्त सीझन संपल्यावर तीन-चार स्क्रिप्ट नमुना म्हणून दाखवायची परवानगी हवी. दुसरीकडे काम करू नका असं तुम्ही म्हणालात त्यावर : या सहा महिन्यांत द्राक्ष सल्ल्याचं दुसरं कुठलंही ॲप किंवा कंपनी मी घेणार नाही, हा शब्द. पण कांदा, टोमॅटो आणि कृषी मासिकांचं लेखन चालू राहील.

राहता राहिलं ते ट्रायलचं. पाच स्क्रिप्ट नमुना म्हणून पाठवा असं तुम्ही म्हणालात. एक मी पैसे न घेता देते, विषय तोच घेते, डाऊनीचा, म्हणजे तुमचा जुना मेसेज आणि माझा शेजारी-शेजारी ठेवून बघता येईल. त्यासाठी मॅडमनी डोस आणि एकक पाठवलं की दोन दिवसांत देते. उरलेल्या चार हव्या असतील तर प्रत्येकी २,२०० ने, आणि काम पक्कं झालं तर त्या पहिल्या महिन्याच्या बारात मोजू.

सटाण्याकडे अर्ली छाटण्या होऊनही गेल्यात, तेव्हा आपल्याकडेही फार वेळ नाही. गुरुवारी दुपारी ३ नंतर मी मोकळी आहे, अर्धा तास पुरेल, शक्यतो अकाउंट्सचं कुणीतरी कॉलवर असू द्या म्हणजे पेमेंटचा मुद्दा तिथेच मिटेल. त्याआधी यातलं काही मान्य नसेल तर सरळ मेलवर लिहा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. मॅडमना सीसीमध्ये ठेवलंय, मंजुरीचा भाग त्यांनी जरूर वाचावा.

आपली,
वर्षा