चटण्या व येसर यांची टिकण्याची मुदत आणि ब्रिटनमधील लेबल यांबाबत विचारणा

लेस्टर, 4 जुलै 2025

प्रति,
मा. संचालिका,
चटणी व मसाले गृहउद्योग, लातूर

विषय : शेंगदाणा, जवस व तीळ चटणी आणि येसर यांच्या निर्यातीपूर्वी मुदत व लेबल यांविषयी माहिती मिळणेबाबत.

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीत गावी, अंबाजोगाईला आलो होतो तेव्हा लातूरला आपल्या कारखान्यात येऊन चारही पदार्थांचे नमुने नेले होते, ते आपल्या लक्षात असेल. येथील मराठी कुटुंबांना ते आवडले. विशेषतः येसराला मागणी आहे, कारण पुण्या-मुंबईकडचे मसाले येथे सर्वत्र मिळतात, पण येसर आमटीची आठवण काढणाऱ्या आपल्या मराठवाड्याच्या माणसाला ते कुठेच मिळत नाही. संक्रांतीपूर्वी, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माल येथील दुकानांत पोहोचावा अशा बेताने पहिली मागणी नोंदवण्याचा विचार आहे. प्रत्येक पदार्थाची 200 ग्रॅमची 600 पाकिटे हवी आहेत. त्याआधी पुढील गोष्टी स्पष्ट होणे आवश्यक वाटते.

पहिला प्रश्न मुदतीचा. आपल्या पाकिटांवर ‘पॅकिंगपासून सहा महिने’ असे छापले आहे. देशातल्या विक्रीसाठी ते पुरेसे असेल, पण निर्यातीचा हिशेब वेगळा पडतो. माल बांधून लातूरहून न्हावा शेवाला जाणे, इतरांच्या मालासोबत कंटेनर भरला जाणे आणि सीमाशुल्काची कागदपत्रे होणे यांत दोन-तीन आठवडे जातात. 2023 च्या अखेरीपासून बरीच जहाजे लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालतात, त्यामुळे समुद्रप्रवासाला पाच ते सहा आठवडे धरावे लागतात. येथे उतरल्यावर तपासणी व गोदाम यांसाठी आणखी दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे अडीच महिने रस्त्यातच संपले, आणि आमचे दुकानदार किमान चार महिने शिल्लक असल्याशिवाय माल घेत नाहीत. सहा महिन्यांच्या मुदतीत हा मेळ बसत नाही. नऊ महिने मिळाले तर बसतो. मात्र केवळ आमच्या सोयीसाठी आकडा वाढवून छापावा असे मी मुळीच सुचवत नाही.

आपण दिलेली सहा पाकिटे मी मुद्दाम ठेवली आणि दर महिन्याला एक उघडले. चौथ्या महिन्यापर्यंत शेंगदाणा चटणी ताजी वाटली. पाचव्या महिन्याच्या पाकिटात, सील केलेल्या पट्टीजवळ तेलाचा पुसट डाग दिसला आणि चटणीला किंचित खवट वास येऊ लागला होता. जवसाच्या पाकिटांची अशी तपासणी मी केली नाही, पण जवसाचे तेल शेंगदाण्यापेक्षा लवकर खराब होते हे आपल्यालाही माहीत आहे. तेव्हा सहा महिन्यांचा आकडा कशाच्या आधारे ठरवला, प्रत्यक्ष ठेवून पाहून की जास्त तापमानावरच्या जलद चाचणीतून, हे कृपया कळवावे. पेरॉक्साइड मूल्य, ओलावा आणि पाण्याची सक्रियता यांचे अहवाल असल्यास त्यांच्या प्रती पाठवाव्यात. पाकीट भरताना नायट्रोजन सोडता का, आणि आतला थर धातूचा मुलामा दिलेल्या फिल्मचा आहे की साध्या पारदर्शक फिल्मचा, हेही सांगावे. माझ्या नमुन्यांतील पाकिटे पारदर्शक होती. उन्हाळ्यात विषुववृत्त ओलांडणाऱ्या कंटेनरचा विचार करता तेवढ्यावर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते.

मुदत छापण्याची पद्धतही येथे निराळी आहे. ‘पॅकिंगपासून इतके महिने’ हे चालत नाही. ‘बेस्ट बिफोर’ या शब्दांनंतर प्रत्यक्ष तारीख द्यावी लागते, आणि तीन ते अठरा महिने टिकणाऱ्या पदार्थासाठी ‘बेस्ट बिफोर एंड’ लिहून महिना व वर्ष दिले तरी पुरते. ‘यूज बाय’ हे शब्द लवकर नासणाऱ्या पदार्थांसाठी असतात, ते आपल्या चटणीवर छापू नयेत. बॅच क्रमांक मात्र पाकिटावर स्पष्ट असावा.

आता ज्या मुद्द्याची मला खरी काळजी आहे, तो. येथील कायद्यात चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे आणि ते घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत उठून दिसले पाहिजेत. शेंगदाणा, तीळ, मोहरी, गहू हे सारे त्या यादीत येतात. भारतातील यादीत तीळ आणि मोहरी नाहीत, म्हणून आपल्या लेबलवर ते साध्या अक्षरांत आहेत, त्यात आपली चूक काहीच नाही. अडचण दुसरीकडे आहे. येसराच्या पाकिटावर घटकांत नुसते ‘हिंग’ लिहिले आहे. बाजारात मिळणारा हिंग बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळून तयार केलेला असतो, आणि त्या पिठातल्या गव्हाचा उल्लेख इथे अनिवार्य आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका उत्पादकाच्या मसाल्यात नेमके हेच घडले, आणि मला सगळा माल दुकानांतून परत बोलवावा लागला. आपण वापरता तो हिंग शुद्ध आहे की मिश्र, आणि मिश्र असल्यास कोणत्या पिठाचा, हे पुरवठादाराच्या पत्रासह कळवावे. येसरातील धान्यांत गहू असल्यास तोही लिहावा लागेल.

त्याच कांडप यंत्रावर आधी शेंगदाणा आणि मग येसर दळले जाते का, मध्ये स्वच्छता कशी होते, हेही विचारायचे आहे. अंश राहण्याचा खरा धोका असल्यास तशी सूचना छापू. धोका नसताना केवळ सावधगिरी म्हणून सगळ्या पाकिटांवर ती टाकणे मला योग्य वाटत नाही.

बाकी बाबी छोट्या आहेत. लेबल इंग्रजीत हवे. नावात शेंगदाणा आहे, म्हणून त्याचे शेकडा प्रमाण द्यावे. पोषणमूल्ये 100 ग्रॅममागे, ऊर्जा किलोज्यूल व किलोकॅलरी दोन्हींत, आणि सोडियमऐवजी मीठ. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे 1200 मिलिग्रॅम सोडियम असेल तर 3 ग्रॅम मीठ. अक्षरांतील लहान ‘एक्स’ची उंची किमान 1.2 मिलिमीटर असावी. आयातदार म्हणून आमचा येथील पत्ता छापावा लागेल. जवस चटणीवरील ‘हृदयासाठी उत्तम’ हे वाक्य काढावे, कारण मान्यता नसलेला आरोग्यविषयक दावा येथे करता येत नाही. हिरवा ठिपका राहू द्यावा, आमच्या ग्राहकांना तो ओळखीचा आहे.

भारतातून येणाऱ्या शेंगदाण्याच्या मालावर सीमेवर कडक तपासणी होते. त्यामुळे शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन बी1 (येथील मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम), मिरचीतील सुदान रंग आणि तिळातील इथिलिन ऑक्साइड यांचे अहवाल प्रत्येक बॅचसोबत हवेत. तिळाची व मिरचीची खरेदी आपण थेट शेतकऱ्यांकडून करता की आडतीतून, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

लेबलचा कच्चा आराखडा मी येथील सल्लागाराकडून तपासून घेतो. त्याचा खर्च माझा. आपण घटकांचे प्रमाण (गुप्त ठेवण्याची हमी देतो), हिंगाविषयीचे पत्र आणि असतील ते अहवाल 25 जुलैपर्यंत ईमेलने पाठवावेत. मुदतीची चाचणी झाली नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, आपण ती आताच सुरू करू आणि पहिली खेप फक्त येसराची पाठवू.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
दत्तात्रय
किराणा आयातदार, लेस्टर