पंप स्टार्टर पॅनेलची मराठी पुस्तिका: कोणते शब्द बदलायचे नाहीत

अनुवादक मंडळींना,

थ्री-फेज सबमर्सिबल पंपाच्या पॅनेलवर जे छापलंय किंवा डिस्प्लेवर उमटतं, ते पुस्तिकेत जसंच्या तसं, रोमन अक्षरांतच ठेवा. `DRY RUN`, `OVERLOAD`, `SPP`, `AUTO`: प्रत्येकाचा अर्थ पहिल्यांदा एका वाक्यात सांगा, पुढे फक्त मूळ शब्द. शेतकरी रात्री विहिरीवर टॉर्च धरून पुस्तिका डिस्प्लेशी ताडून बघतो. ‘कोरडी धाव’ त्याला कुठेच सापडणार नाही.

टर्मिनलच्या खुणांना तर हातच लावू नका: `L1 L2 L3`, `U V W`, `A1 A2`, `95-96`, `97-98`. आकडेही देवनागरीत नकोत. ओव्हरलोड रिलेचा `95-96` हा `NC`, म्हणजे एरवी जोडलेला संपर्क; कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं सर्किट यातून जातं आणि ट्रिप झाल्यावर तुटतं. `97-98` हा `NO`, म्हणजे एरवी उघडा संपर्क, ट्रिपच्या दिव्यासाठी. या जोड्या उलटसुलट झाल्या, तर कॉन्टॅक्टर ओढतच नाही. मग वायरमन वैतागून रिले बायपास करतो आणि पुढच्या ओव्हरलोडला मोटर जळते. आधीच्या मसुद्यात `NO` चं ‘नाही’ झालं होतं, म्हणून हे इतकं लांबवलं.

कॉन्टॅक्टर, कॉइल, रिले, ट्रिप, फेज हे देवनागरीत लिहा, पण संस्कृत प्रतिशब्द नकोत. `A`, `kW`, `HP` ही एककं आहेत तशीच ठेवा.

धोक्याच्या सूचना मात्र पूर्ण मराठीत हव्यात. ‘झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करा’ यात संदिग्धता चालणार नाही.

शंका असेल तिथे अंदाज न करता ओळ पिवळी करून पाठवा.

मुख्य अभियंता, नियंत्रण पॅनेल विभाग