दुसरा अंक, तिसरा प्रवेश : बदललेली संहिता

दिग्दर्शक आणि जयवंतची भूमिका करणारे नट, दोघांसाठी.

कालच्या तालमीत हा प्रवेश पुन्हा पाहिला आणि पटलं, की चूक नटाची नाही, माझ्या लिखाणाची आहे. जयवंत आत येतो तोच वरच्या पट्टीत. मग पुढे चढायला जागाच उरत नाही. जुनी वाक्यं अशी होती :

"नारायण! उद्या कोर्टात तोंड उघडलंस तर याद राख! जीभ हासडून हातात देईन! या घराची राखरांगोळी करीन! तुझ्या म्हातारीला रस्त्यावर आणीन! माझ्याशी गाठ आहे!"

हे कुठल्याही नाटकातला कुठलाही खलनायक बोलेल. शिवाय इतका ओरडणारा माणूस स्वतःच घाबरलेला वाटतो, आणि जयवंत घाबरलेला नाही. जीभ, घर, आई, तिन्ही धमक्या मी ठेवल्या आहेत. त्या आता काळजीच्या बोलण्यातून येतात. आधी तो अरेतुरे करायचा, आता 'तुम्ही' म्हणतो. 'तू' एकदाच आहे, शेवटी. त्याआधी चुकूनही निसटू देऊ नका.

हळू म्हणजे कुजबुज नव्हे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता वारा उरतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत काहीच पोचत नाही. आवाज खर्जात, श्वासाचा आधार पूर्ण आणि शब्दाचं शेवटचं अक्षर स्पष्ट. पार्श्वसंगीत काढून टाकू या.

(रात्र. नारायण टेबलाशी कागद लावत बसलाय. मागून जयवंत येतो, हातात मिटलेली छत्री. नारायणचं लक्ष जातं तेव्हा तो खोलीच्या मध्यावर उभा आहे.)

जयवंत : बसा, बसा. उठू नका.

नारायण : तुम्ही... आत कसे आलात?

जयवंत : मागच्या दारानं. कडी नीट बसत नाही हो त्याची. (छत्री टेबलावर ठेवतो.) ही तुमची.

नारायण : कुठे मिळाली?

जयवंत : वकिलांच्या जिन्यात. दुपारी. मूठ ओळखीची वाटली.

(नारायण कागदांवर हात ठेवतो. जयवंत तिकडे पाहत नाही. पाहिलं तर प्रवेश पडेल. कागदांत काय आहे ते त्याला माहीत आहे.)

जयवंत : वीस वर्षं माझे हिशेब लिहिलेत. एक आकडा चुकला नाही. आणि आज छत्री विसरलात. खरं सांगू? बरं वाटलं मला. म्हटलं, चला, नारायणरावसुद्धा विसरू शकतात.

नारायण : मी उद्या खरं तेच सांगणार आहे.

जयवंत : सांगा ना. आठवेल तेवढंच सांगायचं असतं माणसानं. (थांबून) आवाज बसलाय तुमचा. गरम पाणी घ्या. रात्रीत घसा पार गेला, तर उद्या काय करणार तुम्ही?

(आतून खोकल्याचा आवाज.)

जयवंत : आई जाग्या आहेत?

नारायण : झोपलीय ती.

जयवंत : मग हळू बोलू. (आणखी हळू) मघाशी येताना पाहिलं, पांघरूण सरकलं होतं त्यांचं. नीट केलं मी.

(पॉज. इथे घाई करू नका. प्रेक्षकांना मागचं दार, आईची खोली आणि जयवंतचे हात हे तिन्ही जोडायला वेळ लागतो. ते जोडून होईपर्यंत दोघांनीही हलायचं नाही. 'पांघरूण'वर जोर नको, 'मी'वर तर अजिबातच नको.)

नारायण : तुम्ही तिच्या खोलीत गेला होतात?

जयवंत : मागचं दार तिकडेच उघडतं ना. त्या कडीसाठी सुतार पाठवू का, उद्या सकाळी अकराला? तुम्ही घरी असलात तर.

(अकरा ही कोर्टाची वेळ. पहिल्या प्रवेशात ती दोनदा आली आहे, म्हणून इथे पुन्हा उलगडून सांगितलेली नाही.)

नारायण : नको.

जयवंत : बरं. मग राहू दे तशीच.

(जायला वळतो. पाठमोराच बोलतो.)

जयवंत : दार लावून घे, नारायण.

(जातो. नारायण क्षणभर तसाच. मग धावत मागच्या दाराशी. कडी लावतो, निसटते. पुन्हा लावतो, पुन्हा निसटते.)

आई : (आतून) कोण आलं होतं रे? हात किती गार होते त्याचे.

(कडीचा आवाज. काळोख.)